६५ लाख, १८ लाख आणि तुमचा स्वतःचा दर

"ताई, मी ऐरोलीत आयटीत आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्यानं राहतो. सीटीसी ३० लाख. म्युनिकहून ६५,००० युरोची ऑफर आली आहे. मित्र म्हणतात, ६५ लाख झाले, डोळे मिटून जा. पण एका पीपीपी कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं तर तो १८ लाख दाखवतो, म्हणजे आहे त्यापेक्षाही कमी! नक्की कुठला आकडा धरू? बायको शाळेत शिकवते, तिच्या हातात ४५,००० येतात. मुलगी चार वर्षांची आहे. कल्याणला आईबाबा राहतात त्या फ्लॅटचा ३०,००० रुपये हप्ता मी भरतो."

गणित म्हणून दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि तुमच्यासाठी दोन्ही निरुपयोगी आहेत. कंपन्यांच्या परदेशी बदल्यांचे पगार बसवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्यातला पहिला धडा असा की पगाराला एकच दर लावायचा नसतो. पगाराचा जो भाग तुम्ही तिथे खर्च करता त्याला एक दर, आणि जो भाग तुम्ही घरी पाठवता किंवा साठवता त्याला दुसरा. मित्रांनी सगळ्याला दुसरा लावला, कॅल्क्युलेटरनं सगळ्याला पहिला.

आधी तो १८ लाख कुठून आला ते बघू. पीपीपी म्हणजे क्रयशक्तीची तुलना, आणि तिचे हे दर जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमातून येतात. अनेक देशांत त्याच त्या वस्तूंच्या आणि सेवांच्या किमती गोळा करायच्या, आणि एका डॉलरला अमेरिकेत जेवढं येतं तेवढं घ्यायला इथे किती रुपये लागतात ते काढायचं. भारतासाठी तो आकडा साधारण २० रुपये येतो, जर्मनीसाठी साधारण ०.७ युरो. एकाला दुसऱ्यानं भागलं की एका युरोला २८ रुपयांच्या आसपास दर निघतो. ६५,००० गुणिले २८ म्हणजे १८.२ लाख. बाजारात युरो मात्र शंभराच्या घरात आहे. पुढच्या सगळ्या हिशेबात मी तो १०० धरते, डोक्यात गुणाकार करायला सोपं.

२८ आणि १०० मध्ये एवढी दरी कशी? कारण प्रत्येक वस्तूचा स्वतःचा दर असतो. ठाण्यात तुम्ही केस कापायला १५० रुपये देता, म्युनिकमध्ये ३० युरो द्याल. केस कापण्याचा दर झाला युरोला ५ रुपये. दूध घ्या. इथे लिटरला ६८-७० रुपये, तिथे सुपरमार्केटमध्ये एका युरोच्या आसपास. दुधाचा दर जवळपास ७० रुपये. मोबाइल किंवा लॅपटॉप घेतलात तर जवळजवळ बाजाराचाच दर. तुमचं घोडबंदरचं टू बीएचके सोसायटीच्या मेंटेनन्ससकट ४२,००० ला आहे असं धरलं आणि तसं घर म्युनिकमध्ये १,९०० युरोंना मिळालं, तर भाड्याचा दर २२ रुपये. जे जहाजानं इकडून तिकडे जाऊ शकतं त्याचा दर शंभराकडे झुकतो. जे माणसाच्या हातानं जागेवरच करावं लागतं, किंवा जमिनीला चिकटलेलं असतं, त्याचा दर तळाला जातो. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघांनी १९६४ मध्ये याचं कारण मांडलं. श्रीमंत देशात कारखान्यातल्या माणसाचं उत्पादन जास्त, म्हणून त्याचा पगार जास्त, आणि त्या पगाराशी स्पर्धा करायची म्हणून न्हाव्याचाही पगार जास्त, जरी तो तेवढ्याच वेळात तेवढेच केस कापत असला तरी.

२८ हा या सगळ्या दरांची वजनदार सरासरी आहे, आणि वजनं अख्ख्या भारताची आहेत. त्यात गडचिरोलीतला बाजार आहे, बिहारमधलं गाव आहे, सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा पगार आहे, बांधकामाची मजुरी आहे. संपूर्ण सकल उत्पादनासाठीचा दर असल्यानं तुम्ही आयुष्यात कधी विकत घेणार नाही अशा गोष्टीही त्यात मोडतात. देशांच्या अर्थव्यवस्था शेजारी शेजारी मांडायला तो दर चांगला आहे. घोडबंदर रोडवरच्या तिघांच्या कुटुंबासाठी तो केलेलाच नाही.

याच्या बरोब्बर उलटी चूकही मी जवळून पाहिली आहे. मी काम करत होते त्या एका कंपनीत ठाण्याच्या एका इंजिनिअरला युरोपला पाठवायचं होतं. पगार ठरवायला आम्ही विकत घेतलेला राहणीमान निर्देशांक वापरला. त्यात "मुंबई" होती, ठाणे नव्हतं. आणि ती मुंबई म्हणजे परदेशातून इथे आलेल्या साहेबांची मुंबई: दक्षिण मुंबईतला फ्लॅट, आयात केलेलं चीज, क्लबची वर्गणी. त्या टोपलीनं मुंबई चांगलीच महाग दिसत होती, त्यामुळे युरोपचं अंतर अगदी थोडं निघालं आणि वाढही थोडीच दिली गेली. तो माणूस इथे नाक्यावरच्या भाजीवाल्याकडून भाजी घेत होता. तिथे गेल्यावर चार महिन्यांत त्यानं पगारपत्रक आणि भाड्याची पावती माझ्या टेबलावर पाठवून दिली, वर एक ओळ लिहून: "मॅडम, यात जगून दाखवा." तेव्हापासून कुठलाही निर्देशांक हातात आला की मी आधी विचारते, ही टोपली कोणाची?

तर आता तुमची टोपली भरू. त्याआधी दोन्हीकडचा पगार एकाच पातळीवर आणावा लागेल, कारण सीटीसी आणि जर्मन ब्रुटो, म्हणजे कर आणि विमे कापण्याआधीचा पगार, हे वेगवेगळे प्राणी आहेत. तुमच्या ३० लाखांत मालकाचा पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, बहुधा व्हेरिएबलही आहे. जर्मन ६५,००० मध्ये मालकाचा पेन्शन-विम्याचा वाटा धरलेला नसतो, तो कंपनी वरून भरते. म्हणजे तिकडचा आकडा दिसतो त्यापेक्षा मोठा आणि इकडचा दिसतो त्यापेक्षा लहान आहे.

बेसिक १२ लाख आणि व्हेरिएबल ३ लाख धरते, तुमच्या पत्रात वेगळं असेल तर बदला. मालकाचा पीएफ १.४४ लाख, ग्रॅच्युइटी सुमारे ५८,००० आणि व्हेरिएबल बाजूला काढलं की खात्रीचा पगार २५ लाख उरतो. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन सेससकट कर ३.२० लाख. तुमचा स्वतःचा पीएफ १.४४ लाख, वर व्यवसाय कराचे २,५००. हातात महिन्याला साधारण १,६९,०००. व्हेरिएबल मिळालं तर तो वरकड आनंद, हिशेबात धरू नका.

जर्मनीत ६५,००० मधून पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्याचे मिळून साधारण २१ टक्के जातात. उरलेल्यावर आयकर. बायकोला उत्पन्न नसेल आणि ती तुमच्यासोबत राहत असेल तर तुम्हाला करवर्ग ३ मिळतो आणि हातात महिन्याला ३,७५० युरोंच्या आसपास येतात. एकटे असाल तर करवर्ग १, आणि तोच पगार ३,३०० वर येतो. हा साडेचारशे युरोंचा फरक लोकांना पगाराची पहिली स्लिप पाहून कळतो, कारण "मी आधी जातो, तुम्ही सहा महिन्यांनी या" असं ठरलेलं असतं. ते सहा महिने तुम्ही एकट्याचा कर भरता आणि दोन घरं चालवता. ती त्याच वर्षात आली तर विवरणपत्र भरून बराचसा कर परत मिळतो, पण तो पुढच्या वर्षी. वर्ग बदलून आयकर किती होतो हे स्वतः बघायचं असेल तर जर्मन अर्थमंत्रालयाचं bmf-steuerrechner.de आहे.

मुलीसाठी सरकार किंडरगेल्ड देतं, २०२५ मध्ये महिना २५५ युरो. म्हणजे घरात एकूण ४,००० येतात असं म्हणू.

आता ठाण्याचा महिना. भाडं आणि मेंटेनन्स ४२,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस २२,०००. स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावशी मिळून ९,०००. मुलीची शाळा आणि बस १२,०००. वीज, इंटरनेट, मोबाइल ६,०००. ऐरोलीला जाणं-येणं ८,०००. बाहेरचं खाणं, कपडे, डॉक्टर, लग्नकार्यं २०,०००. झाले १,१९,०००. हे मी अंदाजानं भरलं आहे. तुम्ही मात्र बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून भरा. लोकांच्या आठवणीतला खर्च खऱ्या खर्चापेक्षा हमखास कमी असतो.

म्युनिकचा महिना: तीन खोल्यांचं घर १,९०० युरो, आणि हे वार्ममीटे, म्हणजे हीटिंग आणि सामायिक खर्चासकटचं भाडं. जाहिरातीत ठळक अक्षरात बहुधा काल्टमीटे असतं, म्हणजे नुसतं भाडं. ते पाहून हिशेब केलात तर दोन-तीनशे युरो तिथेच चुकतील. वीज, इंटरनेट, मोबाइल आणि प्रत्येक घराला सक्तीचा रेडिओ-टीव्हीचा आकार मिळून १५०. किराणा ६५०. दोघांचे प्रवासाचे मासिक पास १२०. बालवाडी आणि तिथलं जेवण १५०, जागा सरकारी अनुदानाची मिळाली तर. सहाव्या वर्षी मुलगी सरकारी शाळेत गेली की फी शून्य. बाहेरचं खाणं, थंडीचे कपडे, किरकोळ विमे ४००. वर्षातून एकदा तिघांची भारतवारी, तिचे महिन्याला २००. बेरीज ३,५७०.

भारतवारीचे २०० बाजूला ठेवले, कारण तो खर्च ठाण्यात नाहीच, तर राहतात ३,३७०. आता तुमच्या घरचा क्रयशक्ती दर काढा: १,१९,००० भागिले ३,३७० म्हणजे ३५ रुपये. कॅल्क्युलेटर २८ म्हणत होता. हा फरक कुठून आला? मावशींमुळे. म्युनिकच्या यादीत त्यांच्यासाठी मी एक युरोही धरला नाही, कारण तिथे तुम्ही भांडी मशिनमध्ये लावाल आणि पोळ्या स्वतः लाटाल. त्याच ६० तासांचं काम तिथे १५ युरो तासानं करून घेतलं तर ९०० युरो होतात, आणि दर बरोबर २८ वर येऊन बसतो! इतकं जुळणं हा योगायोगच, पण त्यातून एक गोष्ट दिसते. राष्ट्रीय दर असं गृहीत धरतो की तुम्ही तिथे जाऊनही इथलंच आयुष्य विकत घ्याल. माणूस तसं करत नाही, महाग झालेलं सोडून देतो. मात्र ते सोडण्याची किंमत कोण चुकवतं, हा प्रश्न शिल्लक राहतो. ६० तास म्हणजे दिवसाचे दोन तास. ते दोन तास कोणाच्या वाट्याला येणार हे बायकोशी बोलून घ्या, कारण नोकरीही तिचीच सुटणार आहे.

आता शिल्लक बघू, कारण खरी तुलना तिथेच होते. ठाण्यात तुमचे १,६९,००० आणि तिचे ४५,००० मिळून २,१४,०००. त्यातून घरखर्च १,१९,००० आणि कल्याणचा हप्ता ३०,००० गेला की ६५,००० उरतात. शिवाय पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून महिना २४,००० जमतात. एकूण ८९,०००.

म्युनिकला ४,००० मधून ३,५७० गेले, ४३० राहिले. कल्याणचा हप्ता रुपयांत आहे, त्याला क्रयशक्तीचा दर लावायचा नाही. तो बाजाराच्या दरानं ३०० युरो. इथे युरोची कमाई तुमच्या बाजूनं आहे, ठाण्यात पगाराचा सहावा हिस्सा खाणारा हप्ता तिथे बाराव्या-तेराव्या हिश्शात भागतो. उरले १३० युरो. पेन्शन विम्यात तुमचा वाटा महिना सुमारे ५०० युरोंचा जातो, तो साठा म्हणून धरते. पाच वर्षांच्या आत कायमचे परतलात तर साधारणतः हा स्वतःचा वाटा, देश सोडल्यावर २४ महिन्यांनी, परत मागता येतो. मालकाचा वाटा मिळत नाही, म्हणून तो मी सोडून दिला. पाच वर्षं पूर्ण झाली तर पैसे परत नाहीत, निवृत्तीच्या वयात पेन्शन. म्हणजे शिल्लक ६३० युरो, ६३,००० रुपये. त्यातले हातात फक्त १३,०००.

८९,००० विरुद्ध ६३,०००. "६५ लाख" म्हणणाऱ्या मित्रांना हे दाखवा.

पण एवढ्यावर ऑफर नाकारू नका. यातला सगळ्यात मोठा आकडा तुमच्या पगाराचा नसून तिच्या ४५,००० चा आहे. ऑफर एका माणसाला येते, स्थलांतर मात्र कुटुंबाचं होतं. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला जर्मनीत काम करायला कायद्याची आडकाठी नाही, आडकाठी भाषेची आहे, आणि शिक्षिकेसाठी ती सगळ्यात उंच. तिला पहिली दोन वर्षं उत्पन्न नाही असंच धरून चाला. तिनं नंतर थोडीफार कमाई केली तर करवर्ग ३ चा फायदा आटतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट विनिमयाची. तिथे खर्च होणाऱ्या ३,५७० युरोंवर रुपयाच्या चढउताराचा काही परिणाम नाही, युरोत मिळाले, युरोत गेले. परिणाम फक्त शिलकीवर आणि हप्त्यावर. २०२२ मध्ये युरो ८० रुपयांच्या आसपास आला होता, २०२५ मध्ये त्यानं शंभरी ओलांडली. ८० चा दर लावलात तर हप्त्याचे ३७५ युरो होतात, शिल्लक ५५५ युरोंवर येते आणि रुपयांत ४४,०००. म्हणजे आपल्या ६३,००० मधला जवळजवळ तिसरा हिस्सा दराच्या लहरीवर आहे. म्हणून मी शिलकीचा हिशेब नेहमी दोनदा करते, एकदा आजच्या दरानं आणि एकदा गेल्या काही वर्षांतल्या सगळ्यात पडत्या दरानं. दुसऱ्या हिशेबातही जो पगार टिकतो तोच पगार.

तिसरी गोष्ट पहिल्या वर्षाच्या खड्ड्याची. घरमालक तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत अनामत मागू शकतो. १,६०० धरलं तर ४,८०० युरो. ते घर सोडताना परत येतात, पण तोवर अडकलेले. जर्मनीत भाड्याच्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघरही नसतं. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले. माझ्या एका ओळखीच्या कुटुंबानं पहिले तीन आठवडे बाथटबमध्ये भांडी घासली. ते सगळं बसवायला आणि फर्निचरला ५,००० धरा. दोन वर्षांनी परतणार असाल तर महिन्याला २०८ युरो त्याच्यावर चढले, म्हणजे तुमच्या १३० च्या रोख शिलकीहून जास्त. हा खर्च पगारात मागायचा नसतो, एकरकमी स्थलांतर भत्ता म्हणून मागायचा. जर्मन एचआर पगाराच्या पट्ट्याला घट्ट धरून बसते, पण एकदाच द्यायच्या रकमेवर बोलणी होतात.

पगारावर बोलायचंच असेल तर कुठला आकडा? ठाण्याच्या शिलकीशी बरोबरी करायला महिन्याला २६० युरो जास्त लागतील. या पातळीवर वाढीव ब्रुटोमधले साधारण ५५ ते ६५ टक्के हातात पडतात, म्हणजे ७०,००० च्या आसपास तुमची बरोबरी होते. बरोबरी म्हणजे घरी पैशानं आहे तिथेच राहून देश बदलणं. त्यापुढे जे मिळेल ती खरी वाढ. एचआरला "मुंबईत मला इतके मिळतात" हे सांगून उपयोग नाही, त्यांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. म्युनिकमधलं घराचं भाडं आणि तीन माणसांचं कुटुंब एवढंच बोला.

दुबईची ऑफर आली असती तर पद्धत हीच, फक्त दुखणारी जागा वेगळी. तिथे पगारावर आयकर नाही, त्यामुळे ब्रुटो म्हणजेच हातात, आणि दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. पण जर्मनीत करातून मिळणारी शाळा तिथे तुम्ही स्वतः विकत घेता, पेन्शन नाही, त्याऐवजी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांच्या बेसिकएवढी ग्रॅच्युइटी, आणि भाडं दर महिन्याला नव्हे तर वर्षातल्या मोजक्या चेकनी आगाऊ. करमुक्त देश आणि करभारी देश यांचे नुसते नेट पगार शेजारी ठेवले की करमुक्त देश नेहमीच जिंकतो. शाळेची फी मांडली की चित्र पालटतं.

आता तुमच्या हिशेबातली सगळ्यात कच्ची कडी, भाडं. १,९०० हा माझा अंदाज आहे आणि अख्खा निकाल त्याच्यावर तोललेला आहे. हाच ६५,००० चा पगार लाइपझिगमध्ये असता आणि घर १,१०० ला मिळालं असतं, तर महिन्याला ८०० युरो जास्त उरले असते आणि शिल्लक १.४३ लाखांवर गेली असती. देश तोच, राष्ट्रीय पीपीपी दर तोच, पगार तोच. म्हणून देशाचा दर शोधण्यात जेवढा वेळ घातलात त्यापेक्षा जास्त वेळ immobilienscout24.de वर घाला. ऑफिसचा पत्ता टाका, तीन खोल्या निवडा, वार्ममीटे लावा आणि पहिली वीस घरं कागदावर उतरवा. सगळ्यात स्वस्त पाच खोडून टाका, ती नव्या माणसाला मिळत नाहीत, कारण तुमच्याकडे तिथल्या पगाराच्या तीन स्लिपा नसतील. उरलेल्यांतलं मधलं घर तुमचं.

राहणीमानाची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर भाड्यासाठी विसंबू नका. तिथे लोक स्वतः आकडे भरतात. ठाण्याचं नाव असलं तरी नोंदी मोजक्याच असतात, आणि ठाण्याऐवजी मुंबई निवडलीत तर वांद्र्याचं भाडं तुमच्या गळ्यात पडतं. किराणा आणि प्रवास त्यावर ठीक निघतो. बाकीच्यासाठी म्युनिकमध्ये राहणाऱ्या, मूल असलेल्या दोन-तीन भारतीय कुटुंबांना गाठा आणि "परवडतं का?" असं विचारू नका, "गेल्या महिन्यात खात्यातून किती गेले?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

ऑफरच्या पत्रात आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल हे लिहिलंय का, ते बघा. दोन दिवसच असेल तर घर आउग्सबुर्गला बघा. तिथून लोकल गाडीनं म्युनिक पाऊण तासावर आहे आणि देशभर चालणारा जो मासिक पास मी यादीत धरलाय तो याच गाड्यांना चालतो, वेगळं तिकीट नाही. वार्ममीटे १,४०० च्या आसपास मिळालं तरी शिल्लक ५०० युरोंनी वाढून १.१३ लाखांवर जाते, ठाण्याच्या ८९,००० च्या पुढे. कल्याणहून फास्ट लोकलला लटकून कॉलेज केलेल्या माणसाला बसायला जागा मिळणारा पाऊण तास जड जाऊ नये.